चार्जिंगचा सेल कितव्या वेळी परवडतो?

समजा, दोन चार्जिंगच्या एए सेलना ४०० रुपये पडले, चार्जरला ६००; आणि अल्कलाइन सेलची जोडी ८० रुपयांना मिळते. एका चार्जिंगने एक जोडी वाचते असे धरले, तर हजार रुपये तेराव्या वापरात वसूल होतात. विजेचा खर्च जोडीमागे जेमतेम दहा पैसे. चार्जर आधीच घरात असेल तर पाचव्या वापरातच फिटंफाट.

पर्यावरणाचा हिशेब मात्र इतक्या लवकर जुळत नाही. निकेल-मेटल हायड्राइड सेलमधले निकेल आणि दुर्मीळ मृदा धातू खाणीतून काढून शुद्ध करताना मोठे प्रदूषण होते. इटलीतल्या २०१६च्या एका जीवनचक्र अभ्यासानुसार बहुतेक निकषांवर सरशी व्हायला साधारण वीस वेळा चार्जिंग लागते. काही निकषांवर त्याहून बरेच जास्त.

म्हणून प्रश्न सेल कुठे घालता याचा आहे. मुलांच्या मोटारीत किंवा कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये आठवड्याला चार्जिंग होत असेल, तर वीसचा आकडा पाच महिन्यांत गाठला जातो. भिंतीवरच्या घड्याळात एक सेल वर्षभर चालतो. तिथे वीस वर्षे लागतील, आणि तोवर चार्जिंगचा सेल जुना होऊनच निकामी होईल. घड्याळाला साधाच सेल बरा.