नोटीस सहा पानांची, सार तीन ओळींचे

आयकर विवरणपत्र भरल्यावर काही काळाने ईमेलवर पत्र येते: कलम १४३(१) खालील सूचना. पाने पाच-सहा, सगळी आकड्यांच्या तक्त्यांनी भरलेली. पण वाचणाऱ्याला हवे असते तिघांचे उत्तर: मागणी किती, कशासाठी आणि कधीपर्यंत?

समजा, एका निवृत्त शिक्षकांना असे पत्र आले. तक्त्यात दोन रकाने असतात. एकात आपण भरलेला आकडा, शेजारी खात्याने काढलेला. सगळा तक्ता वाचत बसू नये. दोन आकडे जिथे वेगळे दिसतील तिथेच थांबावे. शिक्षकांचे उत्पन्न आणि कर दोन्हीकडे जुळतात. टीडीएसच्या ओळीत मात्र त्यांचे ३८,५०० आणि खात्याचे २६,५०० रुपये आहेत. फरक १२,००० आणि शेवटची ‘देय रक्कम’ही १२,०००. कारण असे वाक्यात लिहिलेले नसते, ते या फरकातून शोधावे लागते.

पुढची पायरी म्हणजे फॉर्म २६एएस. आपल्या पॅनवर कोणी किती कर जमा केला, ते त्यात दिसते. इथे एका बँकेच्या मुदत ठेवीवरचा टीडीएसच दिसत नाही. बँकेने व्याजातून कर कापला, पण आपल्या विवरणात पॅन चुकीचा टाकला. म्हणजे शिक्षकांनी कर बुडवलेला नाही. तो त्यांच्या नावावर पोहोचलेला नाही.

मुदत मोजताना बरेच जण चुकतात. ती आपण पत्र उघडल्यापासून नव्हे, ते मिळाल्यापासून ३० दिवस धरतात. ईमेल १० सप्टेंबरला आला असेल, तर १० ऑक्टोबर. त्यानंतर थकलेल्या रकमेवर दरमहा १ टक्का व्याज, म्हणजे इथे १२० रुपये.

आता सार लिहू:

मागणी: १२,००० रुपये.
कारण: बँकेने कापलेला टीडीएस २६एएसमध्ये नाही, उत्पन्नाबद्दल वाद नाही.
मुदत: १० ऑक्टोबर.

‘टीडीएस जुळत नाही’ एवढेच लिहिले असते, तर पुढे कुणाकडे जायचे ते कळले नसते. आता कळते. बँकेला लेखी अर्ज देऊन विवरण दुरुस्त करून घ्यायचे. तोवर आयकराच्या संकेतस्थळावर ‘Response to Outstanding Demand’ मध्ये मागणी मान्य नसल्याचे कारणासह नोंदवायचे. २६एएसमध्ये रक्कम दिसू लागली की कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करायचा. त्याआधी केला, तर जुनाच आकडा पुन्हा येतो.

आणि सार लिहिण्याआधी एक खात्री करावी: पत्रावरचा दस्तऐवज क्रमांक, म्हणजे डीआयएन, त्याच संकेतस्थळावर तपासून पाहावा. तो तिथे सापडला नाही, तर ईमेलमधल्या दुव्यावरून एक रुपयाही भरू नये.