तिसऱ्या कोटीच्या ध्रुवाचा अवशेष

संमिश्र संख्यांच्या प्रतलावर एखादे फलन बहुतेक ठिकाणी शिस्तीत वागते आणि एखाद्याच बिंदूपाशी त्याची किंमत अनंताकडे चढत जाते. अशा बिंदूला त्या फलनाचा ध्रुव म्हणतात; कॉलेजच्या वर्गात ‘पोल’ हाच शब्द जास्त चालतो. ध्रुवाभोवती उलट्या घड्याळी दिशेने एक फेरी मारून फलनाचा समाकल, म्हणजे इंटिग्रल, काढला तर जी संख्या मिळते, तिला 2πi ने भागले की त्या ध्रुवावरचा अवशेष हाती येतो. फ्रेंच गणिती कोशी याने १८२६ साली या संख्येला ‘अवशेष’ याच अर्थाचे फ्रेंच नाव दिले आणि तिच्यावर स्वतंत्र गणनपद्धती उभारली.

हे नाव नेमके बसते. a या ध्रुवाच्या आसपास फलन (z − a) च्या घातांमध्ये पसरून लिहिता येते. साध्या घातश्रेणीपेक्षा यात वेगळे एवढेच, की घात ऋणही असतात. लोराँ या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १८४३ साली मांडलेली ही श्रेणी अशी दिसते:

f(z) = c₋ₘ/(z − a)ᵐ + … + c₋₂/(z − a)² + c₋₁/(z − a) + c₀ + c₁(z − a) + …

आता ध्रुवाभोवतीची फेरी एकेका पदावर मारून पाहावी. 1/(z − a)² चा समाकल −1/(z − a) आहे. फेरी संपली की आपण निघालो होतो तिथेच परत येतो, म्हणून त्या समाकलाची शेवटची किंमत सुरुवातीच्या किमतीइतकीच भरते आणि वजाबाकी शून्य. इतर सर्व घातांचेही असेच होते. अपवाद फक्त 1/(z − a) चा. त्याच्या समाकलात लॉगरिदम येतो, आणि एक फेरी पुरी झाली की लॉगरिदम मूळ किमतीवर परत न येता 2πi ने पुढे गेलेला असतो. म्हणून साऱ्या श्रेणीतून उरते ते एकच, 2πi × c₋₁. हा c₋₁ सहगुणक म्हणजेच अवशेष.

श्रेणीत सर्वांत खोल जाणारा ऋण घात m असेल, तर ध्रुव m कोटीचा आहे असे म्हणतात. पहिल्या कोटीच्या ध्रुवावर काम सोपे असते. (z − a) ने गुणले की छेदातले विघ्न दूर होते आणि z च्या जागी a ठेवले की c₋₁ मिळतो. वरच्या कोटीच्या ध्रुवावर हीच युक्ती फसते. m = 3 असताना फक्त (z − a) ने गुणले, तर छेदात (z − a)² तसाच राहतो आणि उत्तर अनंताकडे पळते. पुरते (z − a)³ ने गुणावे, तर विघ्न जाते खरे, पण z = a ठेवल्यावर हाती येतो c₋₃, म्हणजे सर्वांत तीव्र पदाचा सहगुणक. हवा असलेला c₋₁ दोन पायऱ्या वर लपलेला असतो. (z − a)³ ने गुणल्यावर श्रेणी अशी होते:

(z − a)³ f(z) = c₋₃ + c₋₂(z − a) + c₋₁(z − a)² + c₀(z − a)³ + …

अवकलज, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, इथे चाळणीचे काम करतो. एकदा अवकलन केले की c₋₃ हे स्थिर पद नाहीसे होते. दुसऱ्यांदा केले की c₋₂ ही जातो, आणि उरते 2c₋₁ + 6c₀(z − a) + … यात z = a ठेवले की c₀ पासूनची पुढची पदेही शून्य होतात आणि 2c₋₁ एकटा राहतो. तो 2 कुठून आला? (z − a)² चे दोनदा अवकलन करताना घात खाली उतरून गुणले गेले, 2 × 1. कोटी m असेल तर (m − 1) वेळा अवकलन करावे लागते आणि साचणारा गुणक (m − 1)! असतो. सूत्र पाठ करण्यापेक्षा ते असे तयार होताना पाहिले, तर त्यातला प्रत्येक भाग का आहे हे विसरायला होत नाही:

अवशेष = 1/(m − 1)! × lim(z→a) dᵐ⁻¹/dzᵐ⁻¹ [(z − a)ᵐ f(z)]

उदाहरण म्हणून x-अक्षावर −∞ पासून ∞ पर्यंत 1/(x² + 1)³ या वक्राखालचे क्षेत्रफळ काढू. हे शुद्ध वास्तव संख्यांचे गणित आहे आणि x = tan θ असे मांडूनही सुटते; पण अवशेषाची वाट कमी श्रमाची आहे. संमिश्र प्रतलात छेद z² + 1 = (z − i)(z + i) असा फुटतो:

f(z) = 1/[(z − i)³ (z + i)³]

i आणि −i हे दोन्ही तिसऱ्या कोटीचे ध्रुव आहेत. एक शून्याच्या वर एक एकक अंतरावर, दुसरा तेवढाच खाली. x-अक्षावर −R पासून R पर्यंत जाऊन वरच्या अर्धवर्तुळाने परत यायचे असा बंद मार्ग घेतला, तर त्याच्या पोटात फक्त i सापडतो. अर्धवर्तुळाचा वाटा मात्र नगण्य ठरतो हे दाखवावे लागते, नाहीतर पुढचे सगळे अधांतरी राहते. त्या कमानीवर |f| ची किंमत 1/(R² − 1)³ च्या वर जात नाही आणि कमानीची लांबी πR आहे. R = 10 घेतला तरी हा वाटा 0.000033 हून कमी भरतो, आणि R वाढेल तसा शून्याकडे जातो.

आता i वरचा अवशेष. m = 3, म्हणून (z − i)³ ने गुणायचे. ते छेदातल्या (z − i)³ शी कटते आणि उरते

g(z) = (z + i)⁻³

हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी गुणायचे, मग काटायचे, आणि नंतरच अवकलन. मूळ f चेच अवकलन करायला घेतले तर (z − i) छेदात आणखी खोल जाते. g चे दोनदा अवकलन केले की

g′(z) = −3(z + i)⁻⁴
g″(z) = 12(z + i)⁻⁵

z = i ठेवल्यावर z + i = 2i. (2i)⁵ = 32i⁵, आणि i⁴ = 1 असल्याने i⁵ = i. म्हणून g″(i) = 12/(32i) = 3/(8i). शेवटी 2! ने भागायचे:

अवशेष = 3/(16i)

याला 2πi ने गुणले की i कटून जातो आणि क्षेत्रफळ 3π/8, म्हणजे सुमारे 1.1781 येते.

उत्तर बरोबर आहे की नाही, हे ताडायला दोन खुणा उपयोगी पडतात. पहिली, वास्तव वक्राखालचे क्षेत्रफळ वास्तवच असले पाहिजे. शेवटी i शिल्लक राहिला तर i⁵ च्या आसपास कुठेतरी चूक आहे. दुसरी खूण सर्वांत जास्त होणाऱ्या चुकीची, म्हणजे (m − 1)! विसरण्याची. इथे 2! ने भागायचे राहून गेले तर उत्तर 3π/4, सुमारे 2.356 येते. दिसायला तेही तितकेच साजरे. पण 1/(x² + 1)³ ची किंमत कुठेही 1/(x² + 1)² पेक्षा जास्त नसते, आणि त्या दुसऱ्या वक्राखालचे क्षेत्रफळ π/2, म्हणजे 1.571 आहे. लहान वक्राखाली मोठे क्षेत्रफळ मावणे शक्य नाही. एवढ्यावरही समाधान झाले नाही तर कॅल्क्युलेटर घ्यावा. x = 0, ±0.5, ±1, ±1.5 … अशा बिंदूंवरच्या उंच्या मोजून 0.5 रुंदीच्या पट्ट्यांची बेरीज करावी. पहिल्या काही उंच्या 1, 0.512, 0.125, 0.0291 आणि 0.008, पुढे त्या झपाट्याने विरत जातात. ±8 पर्यंत गेले की बेरीज सुमारे 1.1786 येते. अवशेषाच्या उत्तरापासून फरक चौथ्या दशांश स्थळी आहे.

कोटी ओळखण्यात चूक झाली तर काय होते, हा प्रश्न पाठ्यपुस्तके बहुधा टाळतात. कोटी कमी धरली तर सूत्र फुटते; वरच्या उदाहरणात m = 2 घेतला तर अवकलनानंतरही छेदात (z − i) राहते आणि मर्यादा अनंताकडे जाते. ही चूक निदान स्वतःहून ओरडून सांगते. कोटी जास्त धरली तर मात्र काहीच बिघडत नाही. m = 4 घेतला तर (z − i)⁴ f = (z − i) g(z) होते. त्याचा तिसरा अवकलज 3g″ + (z − i) g‴, आणि i वर तो 3g″(i). 3! ने भागले की तोच g″(i)/2 परत येतो. श्रेणीकडे पाहिले की कारणही दिसते: एक घात जास्त वाढवला, तर एक अवकलन जास्त करावे लागते आणि चाळणी पुन्हा c₋₁ वरच थांबते.

या सवलतीचा मुद्दाम फायदाही घेता येतो. sin z / z⁴ मध्ये छेद पाहून शून्यापाशी चौथ्या कोटीचा ध्रुव आहे असे वाटते. पण sin z = z − z³/6 + … असल्याने अंशातला एक z कटतो आणि खरी कोटी तीनच ठरते. खऱ्या कोटीला चिकटून राहिले तर sin z / z चे दोनदा अवकलन करून मग मर्यादा घ्यावी लागते, आणि ते काम किचकट आहे. त्यापेक्षा m = 4 धरावा. z⁴ ने गुणल्यावर नुसता sin z उरतो. त्याचा तिसरा अवकलज −cos z, शून्यावर −1. 3! ने भागले की अवशेष −1/6. श्रेणीतून थेट वाचला तरी 1/z चा सहगुणक −1/6 हाच.

जिथे छेदातला घटक असा सरळ कटत नाही, तिथे सूत्राचा वेग मंदावतो. 1/(z² sin z) साठी z³ ने गुणून z / sin z चे दोनदा अवकलन करण्यापेक्षा श्रेणीची दोन पदे लिहिणे सुटसुटीत: 1/sin z = 1/z + z/6 + … याला z² ने भागले की 1/z³ + 1/(6z) + … आणि अवशेष 1/6. आणि e^(1/z) सारख्या फलनापाशी सूत्र लागूच पडत नाही. त्याच्या श्रेणीत ऋण घात 1/z, 1/(2z²), 1/(6z³) असे न संपता चालूच राहतात, त्यामुळे कितीही मोठा m घेतला तरी zᵐ ने गुणून ते सगळे दूर होत नाहीत. अवशेष तिथेही असतो. तो श्रेणीतूनच वाचायचा, आणि तो 1 आहे.