बबल चार्ट: त्रिज्या वाढवायची की क्षेत्रफळ?

गैरसमज: आकडा जितक्या पटीने मोठा, तितक्या पटीने वर्तुळाची त्रिज्या मोठी.

2011 च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 94.3 लाख भरली आणि सिंधुदुर्गाची 8.5 लाख. म्हणजे पुणे साधारण 11 पट. नकाशावर सिंधुदुर्गासाठी 3 मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले आणि पुण्याची त्रिज्याही 11 पट केली, तर ती होते 33 मिलिमीटर. पण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढते, त्यामुळे पुण्याचे वर्तुळ सिंधुदुर्गाच्या 121 पट जागा अडवते. वाचक फूटपट्टी घेऊन बसत नाही. रंगलेली जागाच त्याच्या डोळ्यांत भरते. त्रिज्या ठरवायची ती आकड्याच्या वर्गमूळावरून. 11 चे वर्गमूळ सुमारे 3.3, म्हणून पुण्याला 10 मिलिमीटर पुरतात. विल्यम प्लेफेअरने 1801 मध्ये युरोपातल्या देशांचे विस्तार वर्तुळांनी दाखवले, तेव्हाही त्याने क्षेत्रफळच धरले होते.

छापील चार्टवर शंका आली, तर दोन वर्तुळांचे व्यास मोजा. व्यासांचे गुणोत्तरच आकड्यांच्या गुणोत्तराइतके निघाले, तर चार्ट चुकला आहे.

गैरसमज: हे सगळे सॉफ्टवेअर पाहून घेते.

एक्सेल आपणहून क्षेत्रफळच धरते, पण तिथे बबलची रुंदी निवडण्याचाही पर्याय आहे आणि एका क्लिकने सगळे बिघडते. डी3 मध्ये निवड आपल्यालाच करावी लागते:

```
d3.scaleSqrt().domain([0, 9430000]).range([0, 10])
```

यातली दोन्ही शून्ये महत्त्वाची. पट्टी सर्वांत लहान आकड्यापासून सुरू करून त्याला मनानेच एखादी त्रिज्या दिली, की वर्गमूळ वापरूनही प्रमाण ढळते.

गैरसमज: क्षेत्रफळ अचूक असले की वाचकाचा अंदाजही अचूक येतो.

इथे मात्र गणित बरोबर असूनही डोळा कमी मोजतो. नकाशांचे अभ्यासक जेम्स फ्लॅनरी यांच्या प्रयोगांत लोकांचा अंदाज खऱ्या गुणोत्तराच्या सुमारे 0.87 व्या घाताइतका आला. त्या हिशेबाने आपले 11 पट पुणे वाचकाला आठेक पटच वाटेल. यावर उपाय म्हणून फ्लॅनरींनी त्रिज्येसाठी 0.5 ऐवजी 0.57 घातांक सुचवला. मग पुण्याची त्रिज्या 10 ऐवजी 12 मिलिमीटरच्या आसपास जाते. मला ही दुरुस्ती फारशी पटत नाही. 0.87 ही सरासरी आहे, माणसागणिक ती बदलते, शिवाय शेजारी मोठे वर्तुळ असले की लहान वर्तुळ आणखीच लहान भासते. त्यापेक्षा क्षेत्रफळ खरे ठेवून कोपऱ्यात 10 लाख, 50 लाख आणि 1 कोटी अशी नमुन्याची वर्तुळे द्यावीत आणि मोठ्या वर्तुळांत आकडाच छापावा. आणि दोन जवळच्या जिल्ह्यांतला फरक दाखवायचा असेल, तर सरळ स्तंभालेख काढावा. उंचीतला फरक डोळा कितीतरी नेमका टिपतो.