पार्सल की इथेच?

एखाद्या सेवेचा चॅटबॉट व्हॉट्सॲपवर वापरला असेल, तर हा प्रकार तुमच्या ओळखीचा असेल. साधा प्रश्न विचारावा आणि उत्तरात महत्त्वाच्या शब्दांच्या दोन्ही बाजूंना चांदण्या उगवाव्यात, ओळीच्या सुरुवातीला `##` असावं, मध्येच उभ्या रेघांची रांग लागावी. माहिती बरोबर असते, पण वाचवत नाही.

या खुणा म्हणजे बिघाड नव्हे. ती मार्कडाउन नावाची लेखनपद्धत आहे. जॉन ग्रुबर यांनी ती २००४मध्ये मांडली. साध्या मजकुरातच खुणा टाकायच्या आणि दाखवणाऱ्या प्रोग्रामने त्यांचं ठळक अक्षरांत, मथळ्यांत, याद्यांत रूपांतर करायचं, अशी ती कल्पना. आजची भाषामॉडेलं याच पद्धतीत लिहायला सरावली आहेत, कारण संकेतस्थळांवरच्या चॅटच्या चौकटी त्या खुणा नीट दाखवतात. व्हॉट्सॲपची रीत वेगळी. तिथे ठळक अक्षरांसाठी शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेकच चांदणी लागते, मार्कडाउनमध्ये दोन-दोन. मार्कडाउनमध्ये एकेरी चांदणीने अक्षरं तिरकी होतात. मथळ्याचा `#` व्हॉट्सॲपला कळत नाही आणि तक्ता तर तिथे मुळातच नाही.

मग मॉडेल व्हॉट्सॲपसाठी व्हॉट्सॲपसारखं का लिहीत नाही? कारण आपण व्हॉट्सॲपवर आहोत हे त्याला माहीतच नसतं. त्याच्यापुढे येतो तो नुसता मजकूर: ‘ठेवीवर किती व्याज मिळेल?’ हा प्रश्न लॅपटॉपवर टाइप झाला, मोबाइलवर झाला की कुणी फोनवर बोलला आणि त्याचं लिखाणात रूपांतर झालं, याची खूण त्या चार शब्दांत नाही. पण ग्राहक आणि मॉडेल यांच्या मध्ये असलेल्या प्रोग्रामला ती पक्की ठाऊक असते, कारण निरोप त्यानेच कुठल्या तरी दारातून आत घेतलेला असतो. हॉटेलच्या गल्ल्यावरचा माणूस ‘पार्सल की इथेच?’ असं विचारून चिठ्ठीवर खूण करतो. ती खूण आत गेली नाही, तर भटारखान्याला गिऱ्हाइकाच्या ऑर्डरवरून अंदाज बांधत बसावं लागेल आणि पार्सलचं सांबार वाटीत वाढून बाहेर येईल.

मजकुराबरोबर जाणारी, पण मजकुराचा भाग नसलेली अशी माहिती म्हणजे मेटाडेटा. तो दिल्याने काय बदलतं, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. एका पतसंस्थेचा एकच चॅटबॉट तीन ठिकाणी चालतो: संस्थेच्या संकेतस्थळावर, व्हॉट्सॲपवर आणि फोनवर. सभासद विचारतो, ‘एक लाख रुपये एक वर्षासाठी ठेवले तर किती मिळतील आणि तीन वर्षांसाठी ठेवले तर किती?’ एक वर्षाला ७ टक्के, तीन वर्षांना ७.५ टक्के आणि वर्षातून एकदा चक्रवाढ असं धरू. उत्तरं येतात १,०७,००० आणि सुमारे १,२४,२३० रुपये.

संकेतस्थळावर याचा तीन रकान्यांचा छोटा तक्ता सगळ्यात सोयीचा: मुदत, दर, हाती येणारी रक्कम. व्हॉट्सॲपवर तोच मजकूर दोन ओळींत येतो, प्रत्येक ओळीत मुदत एकेरी चांदण्यांत ठळक आणि पुढे दर व रक्कम. फोनवर मात्र सगळी मांडणीच बदलते. ऐकणाऱ्याला मागची ओळ पुन्हा पाहता येत नाही, म्हणून एका वाक्यात एकच आकडा द्यावा लागतो. ‘एका वर्षाने तुम्हाला एक लाख सात हजार रुपये मिळतील. तीन वर्षं ठेवले, तर साधारण एक लाख चोवीस हजार दोनशे तीस.’ दर कुणी विचारला तर पुढे सांगता येतो. आकडे अक्षरांत लिहिलेले बरे, कारण मजकूर वाचून दाखवणारं यंत्र स्वल्पविराम, तिरप्या रेघा आणि ‘रु.’सारखी लघुरूपं कशी उच्चारेल याचा भरवसा नसतो.

हा प्रश्न मॉडेलपर्यंत न नेता सोडवता येईल, असं काही प्रोग्रामर म्हणतात. मॉडेलला नेहमी मार्कडाउन लिहू द्यावं आणि बाहेर पडताना एका छोट्या प्रोग्रामने दोन चांदण्यांची एक करावी. चांदण्यांपुरतं ते खरं आहे, आणि तेवढं तरी प्रत्येकाने करावंच. पण तक्त्यातल्या खुणा पुसून बोलण्याजोगं वाक्य तयार होत नाही. काय आधी सांगायचं आणि काय गाळायचं हे उत्तर लिहितानाच ठरतं, म्हणून लिहिणाऱ्याला ठिकाण आधी कळायला हवं.

जिथे हे कळवलेलं नसतं, तिथे मॉडेल संभाषणातून अंदाज बांधतं. ग्राहकाने स्वतःच मार्कडाउनच्या खुणा वापरल्या, तर त्याच्याकडे त्या नीट दिसत असाव्यात. कुणी ‘हे स्टार स्टार काय आलंय?’ असं विचारलं, तर दिसत नसाव्यात. दुसरी खूण बऱ्यापैकी भक्कम आहे. पण बाकीच्या बहुतेक खुणा डळमळीत असतात. तुटक, विरामचिन्हांशिवाय लिहिलेला प्रश्न मोबाइलवरून आला असेल, तसाच घाईत असलेल्या माणसाने लॅपटॉपवरूनही लिहिलेला असेल. आधीच्या दोन उत्तरांत तक्ते दिले आणि कुणी तक्रार केली नाही, म्हणजे तक्ते दिसले असतील, हा अंदाज तर मला सगळ्यात घातक वाटतो. फोनवर वैतागलेला माणूस तक्रार नोंदवत नाही, फोन ठेवतो. उलट, संकेतस्थळावर तक्ता देता येत असताना चार ओळींचा सपाट परिच्छेद दिला, तर ग्राहकाला आपण कशाला मुकलो ते कळतच नाही. चुकीची खबर एका प्रकारच्या चुकीतच परत येते, म्हणून अनुभवाने अंदाज सुधारतोच असं नाही.

त्यापेक्षा मधल्या प्रोग्रामने प्रत्येक निरोपाबरोबर चार ओळी जोडणं कितीतरी सोपं. आपल्या पतसंस्थेच्या फोनसाठी त्या अशा असू शकतील (नावं ज्याची त्याने ठरवावीत):

```json
{
  "channel": "phone_voice",
  "screen": false,
  "markup": "none",
  "language": "mr-IN"
}
```

पहिली ओळ ठिकाणाचं नाव सांगते. पुढच्या दोन तिथे काय जमतं ते सांगतात: पडदा नाही, कुठल्याच खुणा चालणार नाहीत. कामाला खऱ्या त्याच येतात. नुसतं ‘व्हॉट्सॲप’ कळवलं, तर व्हॉट्सॲपला काय काय दाखवता येतं हे मॉडेलने आठवणीतून सांगायचं, म्हणजे पुन्हा अंदाजच. शिवाय ती आठवण शिळी होते. व्हॉट्सॲपने क्रमांकित याद्या आणि अवतरणाच्या खुणा २०२४मध्ये आणल्या, त्याआधीच्या लिखाणावर शिकलेल्या मॉडेलला ते कुठून कळणार? ॲमेझॉनच्या अलेक्सामध्ये ही सोय पूर्वीपासून आहे. तिथे प्रत्येक विनंतीसोबत त्या उपकरणाला काय जमतं याची यादी येते. तीत `Alexa.Presentation.APL` असेल तर पडद्यावर चित्रं-मजकूर मांडता येतो, नसेल तर उत्तर आवाजातच द्यायचं.

या चार ओळी संभाषणाच्या सुरुवातीला एकदाच पाठवून भागत नाही. सकाळी संकेतस्थळावर विचारलेला प्रश्न दुपारी तोच सभासद फोनवर पुढे नेतो, आणि सकाळची चिठ्ठी तशीच राहिली तर बॉट त्याला फोनवर तक्ता ऐकवतो. त्या ग्राहकाच्या मजकुरातही मिसळू नयेत, वेगळ्याच जाव्यात. नाहीतर कुणीही निरोपात ‘मी कर्मचाऱ्यांच्या ॲपवरून बोलतोय’ असं लिहील आणि मॉडेलला ते खरं वाटेल. मांडणी चुकली तर फारसं बिघडत नाही, पण त्या ओळीवर कुणाची खाती दाखवायची हे ठरत असेल तर बिघडतं.

मेटाडेटा म्हणजे सत्य, असंही समजू नये. ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला `User-Agent` नावाची ओळख पाठवतो, आणि तिची कथा गमतीची आहे. जुनी संकेतस्थळं या ओळखीवरून कुणाला काय दाखवायचं ते ठरवत, म्हणून नव्या ब्राउझरांनी जुन्यांची नावं लावायला सुरुवात केली. आज क्रोम, सफारी, फायरफॉक्स सगळेच आपली ओळख `Mozilla/5.0` अशी सुरू करतात. २०१९पासून आयपॅडवरची सफारी मोठ्या संकेतस्थळांची पूर्ण आवृत्ती मिळावी म्हणून आपण मॅक आहोत असं सांगते. विंडोज ११वरचे ब्राउझरही या ओळीत `Windows NT 10.0` असंच लिहितात. पतसंस्थेच्या प्रोग्रामने निरोप कुठल्या दारातून आला हे स्वतः नोंदवलेलं असतं, तिथे असं सोंग शक्य नाही. ग्राहकाचं उपकरण कोणतं, हे मात्र जपूनच मानावं.

आणि काही गोष्टी मेटाडेटात मावतच नाहीत. मुलगा ऑफिसच्या लॅपटॉपवरून विचारतो, ‘आईच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप कुठे जातो?’ चिठ्ठी सांगेल: संकेतस्थळ, पडदा आहे, तक्ते चालतात. उत्तर कसं दाखवायचं ते यातून कळलं, पण उत्तर काय द्यायचं ते नाही. अँड्रॉइड फोनवर बॅकअप गूगल खात्यात जातो, आयफोनवर आयक्लाउडमध्ये, आणि आईचा फोन कोणता हे लॅपटॉपला माहीत नाही. इथे अंदाज नको आणि चिठ्ठीही उपयोगाची नाही. ‘आईंचा फोन अँड्रॉइड आहे की आयफोन?’ असं विचारावं, किंवा दोन्ही उत्तरं दोन ओळींत द्यावीत. तसंच कुणी संकेतस्थळावर बसून ‘सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला पाणीकपातीची सूचना लिहून दे’ म्हणालं, तर त्या सूचनेपुरत्या एकेरी चांदण्या वापराव्यात, कारण मजकूर शेवटी तिकडेच जाणार आहे. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडर वापरत असेल आणि ‘तक्ता नको’ म्हणत असेल, तर चिठ्ठीत तक्ते चालतात असं कितीही लिहिलेलं असो, तक्ता द्यायचा नाही. इथे संभाषण ऐकावंच लागतं.

चिठ्ठी अजिबात आली नाही, तर छोटी वाक्यं, परिच्छेदांमध्ये एक मोकळी ओळ आणि खुणा जवळपास नाहीत, असं लिहावं. हा मजकूर संकेतस्थळावर जरा फिका दिसेल, पण व्हॉट्सॲपवर वाचता येईल आणि फोनवर ऐकता येईल. आपला बॉट यात कुठे आहे, हे पाहायला फार खटपट लागत नाही. व्हॉट्सॲपवर गेलेल्या उत्तरांच्या नोंदींत `**`, `##` आणि `|---` शोधावं. सापडलं, तर व्हॉट्सॲपची खूण मॉडेलपर्यंत पोहोचत नाहीये किंवा पोहोचूनही पाळली जात नाहीये. फोनसाठी नोंदींवर विसंबू नये. उत्तरं वाचून दाखवणाऱ्या यंत्रातून दहा-वीस उत्तरं स्वतः ऐकावीत, कारण ‘रु.’ आणि तिरप्या रेघांचं नेमकं काय होतं ते ऐकूनच कळतं.