२५ मेचा पाऊस आणि तीस वर्षांची नोंदवही

२५ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस देवगडला पोहोचल्याचे भारतीय हवामान विभागाने जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी तो मुंबईत होता. देवगडला लागूनच असलेल्या राजापूर तालुक्यात ते दिवस एरवी बेगमीचे असतात. आमसुले वाळत घातलेली असतात, फणसाची साठे उन्हात असतात, लाकूडफाटा अजून पडवीत यायचा असतो. ते सगळे आवरायच्या आत पाऊस आला, तेव्हा ‘आता हवामानच बदलले’ हे वाक्य घरोघरी ऐकू येणे साहजिक होते.

मात्र दोनच वर्षे मागे गेले की उलटे चित्र दिसते. २०२३ साली मोसमी पाऊस ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच अडला. जवळजवळ दोन आठवडे त्याचे पाऊल पुढे पडले नाही. अखेर २५ जूनला तो मुंबई आणि दिल्ली या दोन्ही शहरांत एकाच दिवशी दाखल झाला. त्या जूनमध्ये कोकणातले शेतकरी पेरलेल्या भाताच्या रोपांकडे काळजीने पाहत होते आणि तेव्हाही बोलले जात होते ते हेच, की हवामान बदलले. एका वर्षी पाऊस लवकर आला, एका वर्षी रखडला. दोन्हींचा निष्कर्ष एकच निघत असेल, तर निष्कर्ष काढण्याची रीत तपासायला हवी.

शालेय भूगोलात यासाठी दोन वेगळ्या संज्ञा आहेत. एखाद्या ठिकाणी, एखाद्या वेळी वातावरणाची जी स्थिती असते ती हवा. आज सकाळी राजापुरात ढग आहेत, दमट आहे, दुपारी सर येईल, ही हवा झाली. त्याच ठिकाणच्या हवेच्या अनेक वर्षांच्या नोंदींतून जे रूप उभे राहते ते हवामान. ‘अनेक वर्षे’ म्हणजे किती, यालाही उत्तर आहे. जागतिक हवामान संघटनेने त्यासाठी तीस वर्षांचा कालखंड ठरवला आहे आणि सध्या १९९१ ते २०२० ही तीस वर्षे प्रमाण मानली जातात. पाच-सात वर्षे घेतली तर त्यात दोन कोरडी वर्षे आली तरी सरासरी खाली ओढली जाते. तीस वर्षांत अशा चढ-उतारांचा जोर बराच निवळतो.

नोंदीही वाटेल तशा होत नाहीत. हवामान विभागाच्या केंद्रावर पर्जन्यमापकातले पाणी रोज सकाळी साडेआठ वाजता मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेवर लिहितात. म्हणून २६ जुलैला दिवसभर कोसळलेला पाऊस बहुतेक २७ जुलैच्या खात्यात दिसतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटरहून थोडे अधिक पाणी पडले.

इथवरचे बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असते. घोटाळा पुढे होतो. हवामान म्हणजे सरासरी, असे समीकरण डोक्यात बसते आणि तिथेच विचार थांबतो. ते अपुरे का आहे, हे एका हिशेबाने दिसेल. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. समजा, एका जुलैत तीस दिवस रोज ४० मिलिमीटर पाऊस पडला. एकूण १,२०० मिलिमीटर झाला. दुसऱ्या जुलैत पाच दिवस रोज १५० मिलिमीटर आणि आणखी पंचवीस दिवस रोज १८ मिलिमीटर पडला. बेरीज पुन्हा १,२००च. कागदावर दोन्ही महिने सारखे आहेत. पण राजापूर शहर अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या काठी वसले आहे. पहिल्या जुलैत नद्या भरून वाहतील, लावणीची कामे चालू राहतील. दुसऱ्या जुलैत जवाहर चौकात पाणी शिरण्याची भीती असेल आणि व्यापारी दुकानातला माल वरच्या फळ्यांवर, माडीवर चढवत असतील. महाराष्ट्रात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टीची नोंद होते. त्या मापाने पहिल्या महिन्यात एकही अतिवृष्टी नाही, दुसऱ्यात पाच आहेत.

म्हणून हवामानाच्या वहीत सरासरीबरोबर आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. नेहमीचा चढ-उतार किती, आणि टोकाच्या घटना किती वेळा घडतात. केरळात मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख १ जून आहे. पण तिच्या मागेपुढे सुमारे सात दिवसांचा फरक नेहमीचाच मानला जातो. १ जूनला पाऊस आला नाही म्हणून कोणतेही वेळापत्रक चुकत नाही. ती तारीख त्या पसाऱ्याचा मध्य आहे.

आता चाचणी. खाली पाच विधाने आहेत. प्रत्येकाखालचे उत्तर वाचण्याआधी विद्यार्थ्यांनी ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ आणि त्यामागचे एका वाक्यातले कारण वहीत लिहावे. गुण कारणाला आहेत.

विधान १ : पाऊस लवकर आला की त्या वर्षी भरपूर पडतो.

चूक. २००९ साली मोसमी पाऊस केरळात २३ मे रोजी पोहोचला. त्यानंतर इतक्या लवकर तो आला थेट २०२५ साली, २४ मे रोजी. आगमनात एका दिवसाचा फरक. हंगाम संपला तेव्हा मात्र २००९ मध्ये देशात सरासरीच्या अवघा ७८ टक्के पाऊस झाला होता आणि दुष्काळ पडला होता. २०२५ मध्ये तो १०८ टक्के झाला. आगमनाच्या सुमारास अरबी समुद्रावर वारे कसे होते, अशा गोष्टींवर ती तारीख ठरते. पुढच्या चार महिन्यांचा पाऊस प्रशांत महासागराचे तापमान, बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे अशा इतर अनेक गोष्टींवर अवलंबून असतो.

विधान २ : आठ दिवसांनंतरचा पाऊस नीट सांगता येत नाही, तर पन्नास वर्षांनंतरचे हवामान कसे सांगणार?

या विधानात बुद्धिमान विद्यार्थीही अडकतात, कारण ते ऐकायला तर्कशुद्ध वाटते. १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ हे अमेरिकी शास्त्रज्ञ संगणकावर हवेचे एक छोटे गणित सोडवत होते. मधल्या एका टप्प्यापासून ते पुन्हा चालवताना त्यांनी ०.५०६१२७ या आकड्याऐवजी ०.५०६ एवढाच भरला. सुरुवातीला उत्तरे जुळली, नंतर हळूहळू फाकत गेली आणि शेवटी दोन्हींत काही साम्य उरले नाही. सुरुवातीच्या मोजमापातली बारीकशी चूकही पुढे वाढत जाते, म्हणून ठरावीक दिवसाच्या हवेचा अंदाज साधारण दोन आठवड्यांपलीकडे टिकत नाही.

हवामानाचा प्रश्न वेगळा आहे. पुढच्या वर्षी १५ जुलैला दुपारी चार वाजता राजापुरात पाऊस असेल का, हे कोणालाही सांगता येणार नाही. पण पुढच्या वर्षीचा जुलै जानेवारीपेक्षा कितीतरी ओला असेल, हे कोणीही सांगेल. त्यासाठी एकेका दिवसाची हवा माहीत असावी लागत नाही. सूर्याची स्थिती, समुद्र आणि जमीन यांच्या तापमानातला फरक, मोसमी वाऱ्यांची दिशा आणि ते अडवणारा सह्याद्री, एवढे ठाऊक असले की पुरते. पन्नास वर्षांनंतरचे हवामान वर्तवताना शास्त्रज्ञ अशाच मोठ्या कारणांत होणारा बदल, मुख्यतः हवेतला वाढता कर्बवायू, हिशेबात घेतात.

विधान ३ : जिथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथल्या हवामानात पाण्याची टंचाई असू शकत नाही.

चूक, आणि राजापूर तालुक्यातल्या सड्यांवर राहणाऱ्या मुलांना हे सांगायला नको. रत्नागिरी जिल्ह्याचा वार्षिक पाऊस तेवढा आहे, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि कातळावरून वाहून समुद्राला मिळतो.

विधान ४ : यंदा हापूसला मोहोर उशिरा आला, म्हणजे राजापूरचे हवामान बदलले.

एका वर्षाच्या मोहोरावरून हे म्हणता येत नाही. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला आणि जमिनीत ओल राहिली, तर कलमांना मोहोराऐवजी पालवी फुटते. ही त्या वर्षीच्या हवेची कृती झाली. हवामान बदलले का हे तपासायचे, तर जवळच्या केंद्राच्या तीस-चाळीस वर्षांच्या नोंदी घ्याव्यात. दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पावसाचे दिवस किती होते, ते मोजावे. एका दिवसात अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला, तर हवामान विभाग तो पावसाचा दिवस धरतो. मग पहिल्या पंधरा आणि शेवटच्या पंधरा वर्षांची तुलना करावी. दोन गटांतला फरक दरवर्षीच्या नेहमीच्या चढ-उतारापेक्षा ठळकपणे मोठा निघाला, तरच पुढे बोलता येते. मधल्या काळात केंद्राची जागा बदलली होती का, हेही विचारावे लागते. जागा बदलली की आकडे बदलतात आणि हवामान बदलल्याचा भास होतो.

असा ताळा मोठ्या पातळीवर घेतला गेला आहे. हवामान विभागाने २०२० साली मोसमी पावसाच्या तारखा नव्याने काढल्या. जुन्या तारखा १९०१ ते १९४० या काळातल्या नोंदींवर बेतलेल्या होत्या. नव्या हिशेबात मुंबईतले आगमन १० जूनवरून ११ जूनवर, म्हणजे एकच दिवस सरकले. परतीची तारीख मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. यातला काही फरक केंद्रे वाढल्याने आणि मोजण्याच्या पद्धतीमुळेही असू शकतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही हळव्या भाताची कापणी करणाऱ्याला हे नऊ दिवस फार मोलाचे असतात.

विधान ५ : एका पुरावरून तापमानवाढ सिद्ध होत नाही, म्हणून पुराचा आणि तापमानवाढीचा काही संबंध नाही.

पहिला अर्धा भाग बरोबर, दुसरा चूक. जवाहर चौकात एखाद्या वर्षी पाणी आले ते वरच्या खोऱ्यात त्या दिवशी किती पाऊस पडला, नदीच्या पात्रात गाळ किती होता, समुद्राला भरती होती का, अशा कारणांच्या बेरजेतून. राजापूर पूर्वीही पूर पाहत आले आहे. पण हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्यामुळे ढगांना कोसळण्यासाठी अधिक पाणी मिळते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळातल्या नोंदी तपासल्या. मध्य भारताच्या पट्ट्यात, दूरवर पसरणाऱ्या टोकाच्या अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिपटीने वाढल्याचे त्यांनी २०१७ साली दाखवले. एका विशिष्ट पुराबद्दल विचारायचा योग्य प्रश्न असा : तापलेल्या जगात एवढा पाऊस पडण्याची शक्यता पूर्वीपेक्षा किती वाढली?

वर्गात एक शेवटचा प्रश्न चर्चेसाठी ठेवता येईल. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या केंद्रावर चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला ७३ मिलिमीटर. राजापूर तालुका तर जैतापूरच्या खाडीपासून अणुस्कुरा घाटापर्यंत पसरला आहे. शहरातल्या एका पर्जन्यमापकावरून संपूर्ण तालुक्याची त्या दिवसाची हवा सांगता येईल का, आणि तालुक्याचे हवामान ठरवायचे तर आणखी पर्जन्यमापक कुठे कुठे बसवावे लागतील?

(पुढील आठवड्यात : सह्याद्री चढताना पाऊस का वाढतो, आणि घाट ओलांडताच कमी का होतो)