विद्यार्थ्याच्या घरभाड्यासाठी पालकाचे हमीपत्र

विद्यार्थ्याच्या घरभाड्यासाठी पालकाचे हमीपत्र म्हणजे शिक्षणासाठी भाड्याच्या घरात राहणाऱ्या विद्यार्थ्याने ठरलेले भाडे न दिल्यास ते आपण देऊ, असे पालकाने घरमालकाला दिलेले लेखी वचन होय. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा शिक्षणकेंद्रांत बाहेरगावच्या विद्यार्थ्याला स्वतःचे उत्पन्न नसल्यामुळे घरमालक असे पत्र मागतात. हे पत्र सहसा एका पानाचे असते. ते भाडेकरारापासून वेगळे असून पालकावर त्यामुळे स्वतंत्र कायदेशीर जबाबदारी येते. त्या जबाबदारीची रक्कम, मुदत आणि विषय पत्रात लिहिलेले नसल्यास पुढे वाद उद्भवतात.

== कायदेशीर स्वरूप ==

हमीच्या कराराची व्याख्या भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२६ मध्ये आहे. या करारात तीन पक्ष असतात. भाडे देणे ज्याचे मूळ कर्तव्य आहे तो विद्यार्थी हा मूळ ऋणको, ज्याला भाडे मिळायचे आहे तो घरमालक हा धनको आणि वचन देणारा पालक हा हमीदार होय. बोलीभाषेत हमीदाराला जामीनदारही म्हणतात. कायद्यानुसार हमी तोंडीही असू शकते. परंतु तिच्या मर्यादा सिद्ध करणे अवघड असल्यामुळे ती लेखी असणे दोन्ही बाजूंच्या हिताचे ठरते.

कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर हमीदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. घरमालकाने आधी विद्यार्थ्यावर दावा लावावा आणि तेथे वसुली न झाल्यासच पालकाकडे यावे, असे बंधन कायद्यात नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व स्पष्ट केले. ‘मुलाने दिले नाही तरच माझा संबंध’ या वाक्याचा पालकाच्या मनातील अर्थ आणि कायद्यातील अर्थ यांत त्यामुळे अंतर पडते. भाड्याची तारीख उलटून गेली की पालकाकडे मागणी करता येते.

‘सर्व जबाबदारी माझी राहील’ असे एकच वाक्य लिहून देण्याची पद्धत सर्रास आढळते. या वाक्यात भाडे, वीजबिल, घराचे नुकसान, मुदतीनंतरचा वापर आणि सोबत राहणाऱ्या इतर विद्यार्थ्यांची थकबाकी यांपैकी काय येते व काय येत नाही, हे ठरवता येत नाही. कलम १२८ मधील ‘वेगळे काही ठरले नसेल तर’ या सवलतीचा लाभ पालकाला पत्रातील मजकुरातूनच घेता येतो.

== भाडेकराराशी संबंध ==

महाराष्ट्रात विद्यार्थ्यांना घर बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर, अनेकदा अकरा महिन्यांसाठी, दिले जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी असून नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. हमीपत्रात या कराराची तारीख, घराचा पत्ता, मासिक रक्कम आणि मुदत यांचा उल्लेख आवश्यक आहे, कारण हमी कोणत्या कर्तव्याची आहे हे त्यावरून निश्चित होते. करार होण्यापूर्वी रकमेची जागा मोकळी ठेवून पत्रावर सही केल्यास हा आधारच नाहीसा होतो.

विद्यार्थी १८ वर्षांखालील असल्यास तो स्वतः वैध करार करू शकत नाही. अशा वेळी हमीपत्राऐवजी पालकाने स्वतःच्या नावे करार करून मुलाला तेथे राहू देणे हा सरळ मार्ग आहे.

घरमालकाकडे ठेवलेली अनामत रक्कम आणि हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थकबाकी आधी अनामतीतून वळती करायची की पालकाकडून घ्यायची, हे पत्रात लिहिलेले नसेल तर त्यावरून मतभेद होतात. घरमालकांचा कल अनामत शेवटपर्यंत शाबूत ठेवण्याकडे असतो, कारण घर सोडताना दुरुस्तीचा खर्च त्यातून करता येतो.

== मजकूर ==

मर्यादित हमी देणाऱ्या पत्राचा मजकूर साधारणपणे असा असतो :

> दिनांक : २८ जून २०२५
>
> प्रति, श्री. ———— (घरमालक) यांस,
>
> विषय : घरभाड्याच्या हमीबाबत
>
> स. न. वि. वि.
>
> माझी मुलगी कु. ———— हिने आपल्या ———— येथील खोलीसाठी दिनांक ———— रोजी केलेल्या करारानुसार १ जुलै २०२५ ते ३१ मे २०२६ या काळासाठी दरमहा रु. ८,००० (अक्षरी रुपये आठ हजार) भाडे प्रत्येक महिन्याच्या ५ तारखेपर्यंत द्यावयाचे आहे.
>
> १. या काळातील तिचे भाडे व तिच्या वाट्याचे वीजबिल थकल्यास ते देण्याची हमी मी घेत आहे.
>
> २. देय तारखेपासून ३० दिवसांच्या आत मला लेखी कळवलेल्या थकबाकीपुरतीच ही हमी आहे. कळवल्यापासून १५ दिवसांत मी रक्कम देईन.
>
> ३. या हमीखालील माझी एकूण जबाबदारी रु. २४,००० (अक्षरी रुपये चोवीस हजार) यापेक्षा अधिक असणार नाही.
>
> ४. घराचे नुकसान, सोबत राहणाऱ्या इतरांची देणी आणि ३१ मे २०२६ नंतरचा काळ यांना ही हमी लागू नाही. मुदतवाढ किंवा भाडेवाढ झाल्यास माझी नवी लेखी संमती लागेल.
>
> आपला,
> (सही, पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक)

घरमालकाने ‘मिळाले, मान्य’ असे लिहून तारखेसह सही केलेली एक प्रत पालकाकडे राहणे आवश्यक आहे. या सहीमुळे रकमेची मर्यादा आणि कळवण्याची अट घरमालकालाही मान्य होती, हे दाखवता येते. असे पत्र योग्य मुद्रांकावर नसल्यास, कमी पडलेले शुल्क व दंड भरेपर्यंत ते न्यायालयात पुरावा म्हणून स्वीकारले जात नाही. नोटरीची सही मात्र हमीच्या वैधतेसाठी आवश्यक नाही.

== कळवण्याच्या अटीचे महत्त्व ==

चार मुद्द्यांपैकी दुसरा मुद्दा बहुतेक पत्रांत आढळत नाही. प्रत्यक्षात पालक दरमहा मुलाच्या खात्यावर पैसे पाठवतो आणि भाडे पोहोचले असे गृहीत धरतो. पैसे शिकवणीत, आजारपणात किंवा अन्यत्र खर्च झाले तर विद्यार्थी संकोचामुळे घरी सांगत नाही. घरमालकही ‘मुलगी चांगली आहे, देईल’ म्हणून थांबतो. चार-पाच महिन्यांनी साचलेली रक्कम एकदम पालकासमोर येते.

घरमालक थांबला म्हणून पालकाची सुटका होत नाही. कलम १३७ नुसार धनकोने दावा लावण्यात केवळ दिरंगाई केल्याने, करारात तसे ठरले नसेल तर, हमीदार मुक्त होत नाही. थकबाकी वेळेत कळवली जावी अशी पालकाची अपेक्षा असेल, तर ती अट म्हणून पत्रातच लिहावी लागते. घरमालकाने विद्यार्थ्याशी बोलून मुदत वाढवून देण्याचे वचन दिले असल्यास मात्र प्रकरण वेगळे होते. अशा करारास पालकाची संमती नसेल तर कलम १३५ नुसार तो मुक्त होऊ शकतो.

== उदाहरण ==

वरील नमुन्याप्रमाणे लातूरच्या एका पालकाने पुण्यातील घरमालकाला पत्र दिले आणि अनामत म्हणून १६,००० रुपये भरले, असे समजू. मुलीने नोव्हेंबर व डिसेंबरचे भाडे दिले नाही. घरमालकाने २० डिसेंबरला पालकाला पत्र लिहून दोन महिन्यांचे १६,००० रुपये आणि डिसेंबरात देय झालेले ९०० रुपयांचे वीजबिल मागितले.

डिसेंबरचे भाडे ५ तारखेला देय होते व वीजबिलही त्याच महिन्यातील होते. दोन्हींची सूचना ३० दिवसांच्या आत मिळाली. पालकाने ८,९०० रुपये देणे भाग आहे. नोव्हेंबरच्या भाड्याची सूचना ५ डिसेंबरपर्यंत यायला हवी होती. ती न आल्याने ते ८,००० रुपये हमीत बसत नाहीत. मुलीचे देणे मात्र कायम राहते. पालक ते स्वेच्छेने देऊ शकतो. न दिल्यास घरमालक ते मुलीकडून किंवा अखेरीस अनामतीतून घेईल. ८,९०० रुपये दिल्यावर हमीची शिल्लक मर्यादा १५,१०० रुपये उरते.

मे अखेरीस खोली तपासताना भिंतीचे ३,००० रुपयांचे नुकसान आढळले. हा खर्च हमीत नसल्याने अनामतीतून वळता होतो. नोव्हेंबरचे भाडेही तेव्हापर्यंत आलेले नसेल तर १६,००० मधून ११,००० वजा होऊन ५,००० रुपये परत मिळतात. त्यानंतर मुलीने जून २०२६ पासून दरमहा ९,००० रुपयांचा नवा करार केला आणि पालकाने नवे पत्र दिले नाही, तर त्या करारातील थकबाकी पालकाकडे मागता येणार नाही. ‘सर्व जबाबदारी माझी’ एवढेच लिहिलेले असते, तर नोव्हेंबरचे भाडे पालकावर आले असते आणि भिंतीच्या खर्चावरून वाद उभा राहिला असता.

== हमीची समाप्ती आणि परतफेड ==

मुदत संपल्यावर नव्या काळासाठी हमी उरत नाही. आधीच्या काळातील देण्याची जबाबदारी मात्र राहते. मूळ कराराच्या अटी पालकाच्या संमतीशिवाय बदलल्यास, बदलानंतरच्या व्यवहारांपुरता हमीदार मुक्त होतो (कलम १३३). मध्येच भाडे वाढवताना पालकाची लेखी संमती घेणे त्यामुळे घरमालकाच्याही हिताचे आहे.

मुदतीच्या मध्यात हमी मागे घेता येते का, हा वादाचा मुद्दा आहे. अनेक व्यवहारांच्या मालिकेसाठी दिलेली चालू हमी पुढील व्यवहारांपुरती सूचना देऊन मागे घेता येते (कलम १३०). परंतु अकरा महिन्यांचा भाडेकरार हा एकच व्यवहार मानला गेल्यास हा मार्ग राहत नाही. पालकाला तशी मुभा हवी असेल, तर सूचनेचा कालावधी पत्रातच ठरवावा लागतो.

हमीदाराने दिलेली रक्कम मूळ ऋणकोकडून परत मागण्याचा हक्क त्याला कलम १४५ देते. पालक हा हक्क मुलांविरुद्ध क्वचितच वापरतात. मित्राच्या मुलासाठी किंवा भाच्यासाठी हमी देणाऱ्या नातेवाइकाच्या बाबतीत मात्र तो उपयोगी ठरतो. त्यासाठी दिलेल्या प्रत्येक रकमेची, महिन्याचा उल्लेख असलेली पावती जपून ठेवावी लागते.

== हे सुद्धा पहा ==

* भारतीय करार अधिनियम, १८७२
* महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९
* जामीन