शिकाऊ गाडीतला दुसरा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत प्रशिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असतो. घरच्या गाडीत तो नसतो, आणि खरा फरक तिथेच पडतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील तिसरा नियम यासाठीच आहे. शिकणाऱ्याकडे लर्निंग लायसन्स हवे, शेजारी पक्के लायसन्स असलेली व्यक्ती हवी आणि तिला गाडी थांबवता येईल अशा जागी ती बसलेली हवी. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लागतो. हे पाळले नाही, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो.

शेजाऱ्याच्या हाती उरतो तो फक्त हँडब्रेक. म्हणून पहिल्याच दिवशी मोकळ्या मैदानात, अगदी कमी वेगात, तो ओढून गाडी किती अंतरात थांबते ते पाहावे. बटणाचा पार्किंग ब्रेक असेल, तर चालत्या गाडीत तो कसा वागतो ते आधी गाडीच्या पुस्तिकेत वाचावे.

पॅकेज घेताना दिवस नव्हे, तास मोजावेत. रोज अर्ध्या तासाचे पंधरा दिवस म्हणजे स्टिअरिंगवर साडेसात तासच, आणि एका फेरीत दोघे शिकणारे असतील तर त्याहूनही कमी. लर्निंग लायसन्स सहा महिने चालते, पक्क्या लायसन्सची चाचणी तीस दिवसांनंतर देता येते. त्यामुळे स्कूलचे धडे आधी आणि घरच्या गाडीचा सराव नंतर, हाच क्रम सुरक्षित.